मदत हवी आहे: टी नेटवर्कच्या प्रॅक्टिकलमध्ये Z12 आणि Z21 जुळत नाहीत

अर्धवट_सर्किट

नमस्कार मंडळी. डिप्लोमा इलेक्ट्रिकलला आहे. नेटवर्कच्या प्रॅक्टिकलमध्ये टू-पोर्टचे झेड पॅरामीटर काढायचे होते. किटवर टी जोडलेला आहे: पोर्ट १ कडच्या हातात १ किलोओहम, पोर्ट २ कडच्या हातात २.२ किलोओहम, आणि मधून खाली ४७० ओहम. खालची तार दोन्ही पोर्टना एकच. रेझिस्टर सगळे सोनेरी पट्टीचे, म्हणजे पाच टक्केवाले.

पद्धत पुस्तकातलीच. एका पोर्टला दहा व्होल्ट द्यायचे, दुसरा उघडा ठेवायचा, आत जाणारा करंट आणि दोन्हीकडचे व्होल्टेज वाचायचे. मग उलट. रीडिंग अशी आली:

```
पोर्ट 1 ला सप्लाय:  V1 = 10.00 V   I1 = 6.87 mA   V2 = 3.19 V
पोर्ट 2 ला सप्लाय:  V2 = 10.00 V   I2 = 3.91 mA   V1 = 0.743 V

Z11 = 1456   Z21 = 464
Z22 = 2558   Z12 = 190
```

रेझिस्टरवरच्या रंगांप्रमाणे Z11 यायला हवा १४७०, Z22 यायला हवा २६७० आणि Z12, Z21 दोन्ही ४७०. पहिले तीन पाच टक्क्यांच्या आत आहेत. Z12 मात्र निम्म्याहूनही कमी. तीनदा घेतलं, आकडा तोच. बॅचमधल्या एकाने ४६८ लिहून टाक म्हणून सांगितलं. सरांनी वही बघून "टॉलरन्समुळे असेल, पुढच्या वेळी नीट घेऊन या" एवढंच म्हटलं. व्हायवाला विचारलं तर काय सांगू? माझं नेटवर्क रेसिप्रोकल नाही, असं म्हणायचं का?

वायरमन_भाऊ

मित्रा, हे मीटर लोडिंग आहे. व्होल्टमीटर लावला की तो स्वतःच थोडा करंट ओढतो, मग पोर्ट उघडा राहतच नाही. तुमच्या लॅबमध्ये जुना काट्याचा मीटर असेल. डिजिटल घेऊन परत मोज, ४७० येईल. आमच्या वेळी हा घोळ नेहमीचा होता.

अर्धवट_सर्किट

काका, मीटर डिजिटलच आहे, साधा पिवळा. दोन्ही वेळा तोच मीटर वापरला.

सुनीता_लॅब

पोर्ट शॉर्ट केला होता का नीट? टू-पोर्टमध्ये दुसरी बाजू शॉर्ट करून करंट मोजायचा असतो. जाड वायर लाव, पातळ पॅच कॉर्डचाही रेझिस्टन्स येतो. आमच्याकडे मुलं नेमकी तिथेच चुकतात.

ओहमकार

सुनीताताई, ते वाय पॅरामीटरचं. याला झेड हवेत, म्हणजे दुसरा पोर्ट उघडाच हवा. पण शॉर्टचं रीडिंग शेवटी पडताळणीला उपयोगी पडेल, त्यावर नंतर येतो.

अर्धवट, आधी टॉलरन्सचा विषय बाजूला काढू, कारण ते उत्तर इथे लागूच होत नाही. पोर्ट १ ला सप्लाय दिलास तेव्हा पोर्ट २ उघडा होता, म्हणून २.२ च्या हातातून करंट शून्य आणि त्यावर ड्रॉपही शून्य. तुला V2 म्हणून जे दिसलं ते ४७० वरचं व्होल्टेज. उलट केलंस तेव्हा १ किलोच्या हातात करंट नाही, म्हणून V1 म्हणून दिसलं ते पुन्हा त्याच ४७० वरचं. दोन्ही वेळा तू एकाच रेझिस्टरवरचा ड्रॉप त्यातूनच जाणाऱ्या करंटने भागतोयस. तो रेझिस्टर खरा ४५० असो की ४९०, दोन्ही वेळा तेवढाच येणार. टॉलरन्समुळे Z12 आणि Z21 दोघे मिळून वरखाली होतील, एकमेकांपासून फुटणार नाहीत. किटवर तीन रेझिस्टरांशिवाय काही नसेल तर ते रेसिप्रोकल आहेच, तो प्रश्न सोड.

वायरमन भाऊ निम्मे बरोबर आहेत. पोर्ट १ वर काहीतरी लटकलेलं आहे, हे नक्की. पण ते मीटर नाही. तुझ्या पिवळ्या मीटरचा इनपुट एक मेगाओहम धर, चांगला मीटर असेल तर दहा. पोर्ट १ मधून पाहिलं तर दीड किलोच्या आसपास दिसतं, त्याच्यापुढे एक मेगाओहम म्हणजे हजारात दीड भागाचा फरक. काट्याचा २० किलोओहम प्रति व्होल्टवाला मीटर अडीच व्होल्टच्या रेंजवर ५० किलो होतो. तो असता तरी Z12 तीन टक्क्यांनी उतरून ४५० च्या वरच राहिला असता. १९० वर आणायला त्याच्यापेक्षा पुष्कळ जड काहीतरी हवं.

किती जड ते तुझ्याच आकड्यांतून निघतं. पोर्ट १ वर R एवढा रेझिस्टन्स राहून गेला असेल तर V1 हे Z12 गुणिले I2 राहत नाही. त्यातला R / (Z11 + R) एवढाच भाग हातात येतो. म्हणून:

```
190 = 464 * R / (1456 + R)
R = 1456 * 190 / (464 - 190)  ≈ 1010 ohm
```

म्हणजे साधारण एक किलोओहम. आता तू सांग, पोर्ट २ ला सप्लाय देताना पोर्ट १ ला नेमकं काय काय जोडलेलं होतं? मीटर सोडून.

अर्धवट_सर्किट

ओहमकार दादा, पोर्ट १ ला सप्लाय जोडलेलाच होता. ड्युअल सप्लाय आहे. आधी चॅनल १ वरून पोर्ट १ ला दिलं, तेव्हा पोर्ट २ ला काहीच लावलं नव्हतं. मग चॅनल २ पोर्ट २ ला जोडला आणि चॅनल १ चा नॉब शून्यावर आणला. लॅबच्या शीटमधल्या आकृतीत दोन्हीकडे सप्लाय काढलेले आहेत आणि खाली लिहिलंय की एक सप्लाय शून्य ठेवावा. शून्य व्होल्ट म्हणजे काही दिलंच नाही, असंच ना?

ओहमकार

सापडलं. नाही, तसं नाही.

उघडा पोर्ट म्हणजे त्या पोर्टचा करंट शून्य. तिथलं व्होल्टेज कितीही असो, तेच तर आपण मोजतो. सप्लाय शून्यावर ठेवणं म्हणजे व्होल्टेज शून्य, करंट कितीही. या दोन अगदी उलट अटी आहेत. आदर्श सप्लाय शून्यावर ठेवला तर तो शॉर्टच. तुझा सप्लाय तसा असता तर V1 शून्य आलं असतं आणि तुला लगेच शंका आली असती.

पण साधा रेग्युलेटेड बेंच सप्लाय करंट बाहेर देतो, आत घेत नाही. पोर्ट २ कडून चॅनल १ च्या टर्मिनलवर व्होल्टेज आलं की त्याच्या रेग्युलेटरला वाटतं आपलं आउटपुट जास्त झालंय, आणि तो आपला ट्रान्झिस्टर बंद करतो. मागे टर्मिनलांमध्ये उरतं ते आतलं ब्लीडर आणि फीडबॅकचे रेझिस्टर. ते किती, हे प्रत्येक सप्लायचं वेगळं. तुझ्याकडे एक किलोच्या आसपास दिसतंय. म्हणून V1 ना शून्य आलं ना पावणेदोन, मधलंच काहीतरी ०.७४ आलं.

आणि यात फसवणारा भाग Z22 आहे. तोही चुकलेलाच आहे. पोर्ट १ वर R असल्यावर पोर्ट २ मधून दिसणारा आकडा असा होतो:

```
Z22(दिसणारा) = Z22 - Z12*Z21 / (Z11 + R)
```

वजा होणारा भाग तुझ्या आकड्यांनी नव्वदच्या जवळपास आहे. अडीच हजारांत नव्वद म्हणजे साडेतीन टक्के. तेवढं पाच टक्क्यांच्या रेझिस्टरांत सहज खपून जातं, म्हणून तुला तीन आकडे बरोबर आणि एक चूक असं वाटलं. खरं तर दुसऱ्या ओळीतले दोन्ही आकडे एकाच कारणाने बिघडलेत. टी मध्ये ट्रान्सफरचा आकडा लोडला फार हळवा असतो, ड्रायव्हिंग पॉइंटचा नाही. नुसते Z11, Z22 बघून रीडिंग पास करणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

चॅनल १ च्या दोन्ही पॅच कॉर्ड किटवरून उपटून काढ. नुसता सप्लायचा स्विच बंद करू नकोस, बंद सप्लायमध्येही ते रेझिस्टर तिथेच असतात. पोर्ट १ वर फक्त मीटर. V1 सुमारे १.७६ यायला हवं.

वायरमन_भाऊ

म्हणजे लोडिंगच की! मी तेच म्हणत होतो.

ओहमकार

लोडिंगच, भाऊ. फक्त मीटर बदलून गेलं नसतं.

कोकणी_कपॅसिटर

इथेच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. माझ्या टी मध्ये मधल्या फांदीत कपॅसिटर आहे, १ मायक्रोफॅरड. डावीकडे १ किलोओहम. फंक्शन जनरेटरने १५९ हर्ट्झ दिले आणि मल्टिमीटरच्या एसी रेंजवर वाचलं. Z11 आला १४१०, Z21 आला ९९५. डावा हात म्हणजे Z11 वजा Z21, तर तो ४१५ येतोय. रेझिस्टर काढून मोजला, चोख १ किलो. माझ्या पोर्ट २ ला काहीही लावलेलं नव्हतं, शपथ.

ओहमकार

तुझं दुखणं वेगळं. १५९ हर्ट्झला १ मायक्रोफॅरड म्हणजे हजार ओहमची रिअॅक्टन्स. Z11 हा हजार ओहम रेझिस्टन्स आणि हजार ओहम कपॅसिटिव्ह रिअॅक्टन्स यांचा काटकोनातला योग, म्हणून १४१४. Z21 नुसता कपॅसिटर, १०००. मीटर फक्त लांबी सांगतो, दिशा सांगत नाही. तू दोन वेगळ्या दिशांच्या लांब्या सरळ वजा केल्यास. वजाबाकी करायचीच तर फेजसकट करायला हवी. नुसत्या रेझिस्टरच्या टी मध्ये हे चालून जातं, कारण सगळं एकाच दिशेला असतं.

कोकणी_कपॅसिटर

फेज मोजायची कशी? आमचा स्कोप एकाच चॅनलचा चालू आहे, दुसरा गेलाय.

ओहमकार

मग तीन व्होल्टेजने काढ. पोर्ट २ उघडा असताना त्याच मीटरने तीन ठिकाणी वाच: पोर्ट १ वर, १ किलोच्या दोन टोकांवर, आणि पोर्ट २ वर. १ किलोवरचं व्होल्टेज करंटच्या फेजमध्येच असतं. तीन लांब्यांचा त्रिकोण काढला की कोन मिळतो. कपॅसिटर चांगला असेल तर जवळजवळ काटकोन येईल. मल्टिमीटर बॅटरीवरचा, म्हणून १ किलोच्या दोन टोकांवर बिनधास्त लावता येतो. स्कोप असा लावलास तर त्याची अर्थ क्लिप जनरेटरच्या अर्थशी भांडेल आणि कपॅसिटरच शॉर्ट होईल.

आणि तीन व्होल्टेजनी कोन आला तरी करंट पुढे आहे की मागे, हे कळत नाही. तुझ्याकडे आत कपॅसिटर आहे हे माहीत आहे म्हणून ठीक. बंद डबा असता तर फ्रिक्वेन्सी थोडी वाढवून बघ म्हणालो असतो.

कोकणी_कपॅसिटर

वाढवली होती, २ किलोहर्ट्झला आकडे भलतेच आले. तिथे कपॅसिटर बदलतो का?

सुनीता_लॅब

कपॅसिटर कशाला बदलेल, मीटर बघ आधी. स्वस्त मीटरची एसी रेंज ५० हर्ट्झच्या आसपाससाठी असते, किलोहर्ट्झला वाचन खाली येतं. मीटरच्या कागदावर फ्रिक्वेन्सीची मर्यादा दिलेली असते. आमच्या लॅबमध्ये मी ती मीटरच्या पाठीवर चिकटवून ठेवलीय, तरी मुलं वाचत नाहीत.

अर्धवट_सर्किट

आज परत लॅबला बसलो. कॉर्ड काढून घेतलेलं रीडिंग:

```
पोर्ट 2 ला सप्लाय:  V2 = 10.00 V   I2 = 3.78 mA   V1 = 1.762 V
Z22 = 2646   Z12 = 466
```

ओहमकार दादा, खूप खूप आभार! सुनीतामॅडम, शॉर्टचंही घेतलं. पोर्ट २ ला जाड वायर लावून पोर्ट १ ला दहा व्होल्ट दिले, करंट ७.२८ मिलिअँप.

पण आता दोन गोष्टी अडल्या. एक म्हणजे Z12 ४६६ आणि Z21 ४६४, अजून तंतोतंत एक नाहीत. दुसरी जास्त विचित्र. रेझिस्टर किटवरून सुटे करून ओहम रेंजवर मोजले: ९८१, ४६५, २१७०. बेरीज केली तर Z11 यायला हवा १४४६, आला १४५६. Z22 यायला हवा २६३५, आला २६४६. दोन्हीकडे दहा-अकरा ओहम जास्त. Z12 मात्र ४६५ च्या अगदी जवळ. हे दहा ओहम येतात कुठून?

ओहमकार

सुटे करून मोजलेस, हे फार चांगलं केलंस. दहा व्होल्ट कुठे वाचलेस? सप्लायच्या टर्मिनलवर की किटच्या टर्मिनलवर?

अर्धवट_सर्किट

सप्लायच्या टर्मिनलवर. मग मिलिअॅमीटर, मग किट.

ओहमकार

मग मिलिअॅमीटरच मोजलास. साध्या डिजिटल मीटरच्या २० मिलिअँप रेंजवर आतला शंट बहुधा १० ओहमचा असतो, पूर्ण रेंजला २०० मिलिव्होल्टचा ड्रॉप. तू सप्लायवर दहा व्होल्ट वाचलेस, पण किटपर्यंत ७० मिलिव्होल्ट कमी पोचले. त्यामुळे Z11 मध्ये शंट मिसळला, Z22 मध्येही मिसळला. Z21 ला धक्का लागला नाही, कारण तिथे V2 आणि खरा आत गेलेला I1 एवढेच लागतात, सप्लायवर किती होते याचा संबंध नाही. Z11 आणि Z22 सारखेच वाढलेले आणि Z12, Z21 जागेवर, असं दिसलं की मिलिअॅमीटरकडे बोट दाखवायचं. व्होल्टमीटर मिलिअॅमीटरच्या पुढे, थेट किटच्या टर्मिनलवर लावलास की हे दहा ओहम जातील.

४६४ आणि ४६६ चं म्हणशील तर ३.१९ हे वीस व्होल्टच्या रेंजवर वाचलंयस, शेवटचा आकडा दहा मिलिव्होल्टचा. १.७६२ दोन व्होल्टच्या रेंजवर, शेवटचा आकडा एका मिलिव्होल्टचा. ३.१९ च्या जागी ३.२० धर, Z21 होतो ४६६. करंटमध्येही शेवटचा एक आकडा पाव टक्क्याचा. फारच खटकत असेल तर पोर्ट १ ला दहाऐवजी सहा व्होल्ट दे, V2 दोन व्होल्टच्या आत येईल आणि दोन्ही व्होल्टेज एकाच रेंजवर वाचता येतील. करंटचा मीटर आणि रेंज दोन्ही वेळा तीच ठेव, म्हणजे मीटरची चूक दोन्हीकडे सारखीच पडेल.

आता सुनीताताईंचं शॉर्टचं रीडिंग. १० भागिले ७.२८ म्हणजे १३७४. पोर्ट २ उघडा असताना १४५६, शॉर्ट असताना १३७४. यातून V2 न मोजताच Z12 निघतो:

```
Z12 = sqrt( Z22 * (Z11 - Zshort) )
    = sqrt( 2646 * (1456 - 1374) )  ≈ 466
```

जुळला. पण यावर फार विसंबू नकोस. ८२ ही दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी आहे. मीटरने ७.२८ ऐवजी ७.२९ दाखवलं असतं तर Z12 ४७१ झाला असता. शेवटच्या एका आकड्याने पाच ओहम. म्हणून उघड्या पोर्टवरचं व्होल्टेज मोजणं हीच मुख्य पद्धत, शॉर्ट फक्त ढोबळ चूक पकडायला. तुझं आधीचं १९० यात लगेच पकडलं गेलं असतं.

सुनीता_लॅब

बघा, शॉर्ट कामाला आलाच.

वायरमन_भाऊ

एक शंका. शंट दहा ओहमचा असेल तर दोन्हीकडे दहाच यायला हवेत. Z22 मध्ये अकरा कसे?

ओहमकार

३.७८ मधल्या शेवटच्या आकड्याचा अर्धा भाग इकडेतिकडे झाला तरी Z22 साडेतीन ओहमने हलतो. त्या एका ओहमला मी अर्थ लावणार नाही. पॅच कॉर्डच्या सैल पिनाही असतील, किट जुनं वाटतंय.

अर्धवट_सर्किट

पिना सैल आहेतच, हलवल्या की शेवटचा आकडा बदलतो. उद्या सहा व्होल्टवर, व्होल्टमीटर किटवर लावून दोन्ही बाजू परत घेतो. शीटमधली आकृती चुकीची आहे हे सरांना कसं सांगू, ते मात्र कळत नाहीये. त्यात दोन्ही सप्लाय काढलेलेच आहेत.

सुनीता_लॅब

आकृती चूक आहे म्हणू नकोस. दोन्ही रीडिंग शेजारी शेजारी लिही, एक कॉर्ड जोडून घेतलेलं आणि एक काढून घेतलेलं, आणि मधे त्या एक किलोचं गणित मांड. आमच्याकडे असं कुणी आणलं तर मी शीट बदलून घेतली असती. तुमच्या सरांचं मी कसं सांगू?

कोकणी_कपॅसिटर

माझा त्रिकोण काटकोनाचा आला नाही, करंट आणि कपॅसिटरवरचं व्होल्टेज यांच्यातला फेजचा कोन ८६ अंश निघाला. कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक आहे, त्याने फरक पडतो का?

ओहमकार

पडतो. त्याचा आतला सिरीज रेझिस्टन्स त्या चार अंशांत असू शकतो. पण दोन टक्क्यांच्या मीटरने तीन लांब्या घेतल्या की कोनही तेवढा हलतो, त्यामुळे नुसत्या ८६ वरून कपॅसिटरला दोष देता येत नाही. शिवाय तू त्याला डीसी बायस न देता एसी दिलास, ते त्याला मानवत नाही. फिल्मवाला १ मायक्रोफॅरड मिळतोय का बघ, आणि आकडे इथे टाक.